कोणाला काय ठाऊक आहे?
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं होतं की मी कॉम्प्युटरवर बोलेन. वीस वर्षांहून जास्त काळ त्याच क्षेत्रात नोकरी करते आहे, तेव्हा त्यांचं काही चुकलं नाही. पण आज मी सिनेमावर बोलणार आहे. गेली काही वर्षं शनिवार-रविवारी मी लघुपटांच्या पटकथा लिहायला शिकते आहे. त्यासाठी कुठल्या संस्थेत नाव घातलेलं नाही. सिनेमे बघायचे, बघताना वहीत टिपायचं आणि टिपलेलं वापरून लिहून बघायचं, एवढाच अभ्यासक्रम आहे. वही म्हटलं की आपल्या मराठीच्या बाई खूश होतील, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

'पटकथा' म्हटलं की बहुतेकांना संवाद आठवतात. संवाद हा तिचा एक भाग झाला. पटकथा म्हणजे मुख्यतः क्रम. कोणती गोष्ट प्रेक्षकाला कधी कळणार, कोणत्या पात्राला कधी कळणार, कोणता प्रसंग कोणत्या प्रसंगानंतर येणार, हे ठरवण्याचं काम. ही बांधणी पडद्यावर दिसत नाही, ती शोधून काढावी लागते. ती शोधायची कशी, एवढंच मी आज सांगणार आहे.

पहिला प्रश्न, कोणता सिनेमा घ्यायचा? शिकण्यासाठी घट्ट बांधणीचा सिनेमा घ्यावा. घट्ट म्हणजे काय, हे ओळखायची एक साधी खूण आहे. सिनेमातला कोणताही एक प्रसंग मनातल्या मनात काढून टाकायचा. त्यानंतरचे प्रसंग कळेनासे झाले, तर बांधणी घट्ट. काही बिघडलं नाही, तर ती सैल. दुसरं म्हणजे, तो सिनेमा आपण आधी पाहिलेला असावा. पहिल्यांदा बघताना आपण प्रेक्षक असतो आणि असायलाच पाहिजे. 'पुढे काय' ही ओढ असेपर्यंत टिपणं घेता येत नाहीत. गोष्ट माहीत झाली की मगच ती कशी सांगितली आहे याकडे लक्ष जातं.

दुसरा प्रश्न, टिपायचं काय? 'अभिनय छान, शेवट हृदयस्पर्शी' असं लिहून काही हाती लागत नाही. तो अभिप्राय झाला. मी वहीत चार रकाने आखते. पहिल्या रकान्यात प्रसंगाचा क्रमांक आणि तो सिनेमाच्या कितव्या मिनिटाला येतो ते. दुसऱ्यात, या प्रसंगात कोणाला काय हवं आहे आणि कोण आडवं येतं आहे. तिसऱ्यात, प्रसंग संपला तेव्हा कोणाला कोणती नवी गोष्ट कळली. आणि चौथ्यात फक्त एक शब्द लिहायचा: 'म्हणून', 'पण' किंवा 'आणि मग'. आधीच्या प्रसंगाशी हा प्रसंग कोणत्या शब्दाने जोडला आहे, ते.

हा चौथा रकाना मी 'साउथ पार्क' या अमेरिकन कार्टून मालिकेच्या लेखकांकडून, ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांच्याकडून घेतला. त्यांचं म्हणणं सोपं आहे. दोन प्रसंगांमध्ये 'म्हणून' किंवा 'पण' बसलं तर गोष्ट चालते आहे. नुसतं 'आणि मग' बसत असेल तर ती जागेवर उभी आहे.

तिसरा रकाना मात्र माझ्या पेशातून आला. आमच्या कामात एका प्रणालीचे अनेक भाग असतात आणि प्रत्येकाजवळ स्वतःपुरती माहिती असते. एकाजवळची माहिती बदलली आणि दुसऱ्याला ते कळलंच नाही, की घोटाळा होतो. आम्ही दिवसभर असले घोटाळे शोधत बसतो. सिनेमे बघताना लक्षात आलं की पटकथाकार हाच घोटाळा मुद्दाम करतो आणि त्यावर पोट भरतो. म्हणून आज मी बाकीचे रकाने बाजूला ठेवून या तिसऱ्या रकान्यावरच बोलते.

उदाहरणाला असा सिनेमा घेते जो इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. 'अशी ही बनवाबनवी'. १९८८चा, सचिन पिळगांवकर यांनी दिग्दर्शित केलेला. लेखन वसंत सबनीसांचं, ज्यांनी 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य लिहिलं. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान'मधली. धनंजय मानेंचा पत्ता विचारला की अजून कोणीही हसतं, त्यामुळे गोष्ट सांगायची गरज नाही. पण वही उघडून बघू.

चौघांची अडचण एकच, पुण्यात राहायला जागा नाही. सरपोतदारांची खोली हातची गेली आहे. म्हणून नवीन घर शोधायचं. पण लीलाबाई काळभोर जोडप्यांनाच जागा देणार. म्हणून सुधीरची सुधा होते आणि परशाची पार्वती. इथपर्यंतच्या चौथ्या रकान्यात 'म्हणून' आणि 'पण' आलटूनपालटून येतात. 'आणि मग' लिहायला जागाच मिळत नाही.

आता तिसरा रकाना. घरात पाऊल टाकलं त्या क्षणी कोणाला काय ठाऊक आहे? चौघांना सगळं ठाऊक. प्रेक्षकाला सगळं ठाऊक. लीलाबाईंना काहीच नाही. पुढचा सगळा सिनेमा या एका फरकावर चालतो. घरात येणारं प्रत्येक नवीन माणूस वहीत एक नवी ओळ वाढवतं. लीलाबाईंची भाची मनीषा आली की सुधीर तिच्यासाठी मैत्रीण आहे, आणि तो मात्र तिच्या प्रेमात. मनीषा खोटं बोलत नाही, लीलाबाई खोटं बोलत नाहीत. त्यांना जे ठाऊक आहे त्याप्रमाणे त्या अगदी बरोबर वागतात. विनोद त्यातून येतो. एखाद्या पात्राला उगाच मूर्ख बनवलं असतं तर इतकं हसू आलं नसतं.

लबाडी कशी वाढत जाते तेही वहीत स्पष्ट दिसतं. घरात सून म्हणून बाई आहे. म्हणजे कधीतरी पाळणा हलायचा. म्हणून पार्वतीचे डोहाळे पुरवायला सगळे निघतात आणि ते गाणं येतं. सहसा गाणं आलं की मी वहीत 'आणि मग' लिहिते. इथे 'म्हणून' लिहावं लागतं. लीलाबाईंना जे ठाऊक आहे त्याचाच तो सरळ परिणाम आहे. हा प्रसंग सुरुवातीच्या खोटेपणातून निघतो, बाहेरून चिकटवलेला नाही.

मग मनात आलं की प्रेक्षकालाही ठाऊक नसतं तर? सुधा आणि पार्वती हे पुरुष आहेत हे शेवटच्या पाच मिनिटांत कळलं असतं तर? आपण एकदा चकित झालो असतो, आणि आधीचे दोन तास आपल्यासमोर दोन साध्या बायका घरात वावरत राहिल्या असत्या. हसायला काही नसतं. याबद्दल आल्फ्रेड हिचकॉकने फ्रान्सवा त्र्युफोला दिलेल्या मुलाखतीत एक प्रसिद्ध उदाहरण आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि कोणालाच ठाऊक नाही. तो फुटला की प्रेक्षकाला पंधरा सेकंद धक्का बसतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच सांगितलं, आणि टेबलाशी बसलेली माणसं साध्यासुध्या गप्पा मारत राहिली, तर तोच प्रसंग पंधरा मिनिटं ताण देतो. गप्पा त्याच आहेत. बदललं ते फक्त प्रेक्षकाला काय ठाऊक आहे ते. 'बनवाबनवी'त पार्वतीचा पदर म्हणजे टेबलाखालचा बॉम्बच.

आता तुम्ही म्हणाल, हे विनोदी सिनेमाला ठीक आहे. म्हणून दुसरं उदाहरण अगदी उलट टोकाचं घेते. संदीप सावंत यांचा 'श्वास', २००४चा. १९५३च्या 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळवणारा हा पहिला मराठी सिनेमा. कोकणातल्या खेड्यातले आजोबा नातवाला, लहानग्या परशाला, शहरातल्या डॉक्टरांकडे आणतात. त्याला नीट दिसत नाही. निदान होतं डोळ्यांच्या कर्करोगाचं. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार.

वहीत पहिली ओळ अशी येते: डॉक्टरांना ठाऊक आहे, आजोबांना नाही, परशाला नाही. मग आजोबांना कळतं. ओळ बदलते: डॉक्टरांना ठाऊक, आजोबांना ठाऊक, परशाला नाही. इथेच एखादा कच्चा लेखक थांबला असता आणि आजोबांना रडवत बसला असता. पण इथे एक अट येते. रुग्णाला कल्पना दिल्याशिवाय शस्त्रक्रिया करायची नाही, असं डॉक्टर सांगतात. म्हणजे ती माहिती परशापर्यंत पोचवणं भाग आहे. आता आजोबा आणि परशा यांच्यामधला प्रत्येक साधा प्रसंग जड होतो. मूल काहीतरी बघतं, विचारतं, खेळतं. त्याला ठाऊक नाही आणि आपल्याला ठाऊक आहे. पुन्हा टेबलाखालचा बॉम्ब, फक्त इथे हसू येत नाही.

आणि मग शस्त्रक्रिया लांबणीवर पडते आणि आजोबा परशाला घेऊन हॉस्पिटलमधून नाहीसे होतात. डॉक्टर संतापतात, शोधाशोध होते. आता वहीतली ओळ पाहा, ती उलटी झाली आहे. सुरुवातीला डॉक्टरांना ठाऊक होतं आणि आजोबांना नव्हतं. आता आजोबांना ठाऊक आहे आणि डॉक्टरांना नाही. डोळे जाण्याआधी त्या पोराला जग दाखवायचं आहे, ही गोष्ट खेड्यातल्या त्या अडाणी वाटणाऱ्या माणसाला सुचली आहे आणि शिकलेल्या माणसाला ती शोधत फिरावी लागते. या सिनेमातला डॉक्टर आणि आजोबा यांच्यातला मान इथे बदलतो. 'श्वास' मी आधी दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा रडले होते. पण ही उलथापालथ मला दिसली ती वहीत दोन ओळी एकाखाली एक आल्या तेव्हा.

एक विनोदी, एक डोळ्यांत पाणी आणणारा. दोन्हींचं इंजिन एकच निघालं. म्हणून मी म्हणते की सुरुवात करणाऱ्याने बाकी सगळं सोडून आधी हा रकाना भरायला शिकावं.

पण दुसऱ्याचा सिनेमा उलगडणं म्हणजे अर्धाच अभ्यास. त्यातून स्वतःचं काही बांधता आलं तर खरं. तेव्हा मी सध्या जी पटकथा लिहिते आहे ती तुमच्यासमोर ठेवते. दहा-बारा मिनिटांचा लघुपट आहे. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट असा ढोबळ हिशेब असतो, म्हणजे दहा-बारा पानं. गोष्ट आपल्याच भागातली आणि आपल्याच काळातली, १९९८ची. पात्रं काल्पनिक आहेत. तरी इथे बसलेल्या पाच-सहा जणांना ती ओळखीची वाटेल, कारण आपल्या घरांमधून हे कमी-जास्त फरकाने घडलेलं आहे.

सेलूजवळच्या खेड्यातल्या एका मुलीला औरंगाबादला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतो. फी भरायला आठ दिवस आहेत. कापसाचे पैसे अडकलेले. वडील लाल कंधारी बैलांची जोडी विकतात आणि मुलीला सांगत नाहीत. ऑगस्टमध्ये पोळा येतो. मुलगी पोळ्याला घरी येते. गोष्ट एवढीच.

आता प्रश्न एकच: बैल विकले हे कोणाला कधी कळायचं? प्रसंग तेच ठेवून मी तीन क्रम लिहून पाहिले.

पहिल्या क्रमात, प्रेक्षकाला मुलीबरोबरच कळतं. फी भरली जाते, पैसे कुठून आले ते दाखवायचं नाही. हॉस्टेल, कॉलेज, मग पोळ्याला घरी येणं, आणि गोठा रिकामा. शेवटच्या मिनिटाला धक्का बसतो. पण वही भरली तेव्हा मधल्या सात-आठ मिनिटांच्या तिसऱ्या रकान्यात लिहायला काहीच नव्हतं. कोणालाच नवीन काही कळत नाही. सगळीकडे 'आणि मग'.

दुसऱ्या क्रमात, प्रेक्षकाला दुसऱ्याच प्रसंगात कळतं. मुलगी ट्रंक भरते आहे, आणि पलीकडे पहाटेच्या अंधारात वडील कासरा धरून बैल बाजाराला नेत आहेत. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा त्यांनी काढून घेतल्या आहेत, मुलगी जागी होऊ नये म्हणून. त्या खुंटीला अडकवल्या आहेत. आता मधले प्रसंग बघा, एक अक्षरही न बदलता. मुलगी हॉस्टेलजवळच्या एसटीडी बूथवरून गावातल्या दुकानात फोन करते. वडील बोलायला येतात. ती सांगते, 'दादा, मी पोळ्याला येते. बैलांना औरंगाबादचे गोंडे आणि बेगड घेतलीय.' पहिल्या क्रमात हे वाक्य नुसती माहिती होती. दुसऱ्यात ते ऐकवत नाही. वडील काय म्हणतात हे मी लिहिलेलंच नाही. मीटरवर पैसे पडत राहतात एवढंच दिसतं.

हे वाचून दाखवलं आपल्याच वर्गातल्या एकाला. तो शेती करतो, आणि आत्ता इथे मागच्या रांगेत बसून मान खाली घालतो आहे, म्हणून नाव घेत नाही. त्याने सिनेमाबद्दल काही म्हटलं नाही. त्याने विचारलं, 'बैल विकले, बरं. पण कोळपणी कशानं करणार हा माणूस?'

मित्रांनो, हा प्रश्न म्हणजे चौथा रकाना. बैल विकले, म्हणून कोळपणी अडली. म्हणून शेजाऱ्याची जोडी मागून आणावी लागली. म्हणून शेजाऱ्याला ठाऊक झालं. शेजाऱ्याला ठाऊक झालं म्हणजे गावाला ठाऊक झालं. म्हणजे मुलीला हे घरी पोचायच्या आधीच कळणार. सेलूला रेल्वेतून उतरून ती गावच्या गाडीत बसली की कोणीतरी सहज म्हणणारच, 'बापानं तुझ्या पायी दावण मोकळी केली की गं पोरी.' तो बोलणारा वाईट नाही. त्याला वाटतं, हिला ठाऊकच असणार.

यातून तिसरा क्रम तयार झाला, आणि मी तोच ठेवला. आता घराच्या उंबऱ्यावर कोणाला काय ठाऊक आहे ते पाहा. वडिलांना ठाऊक आहे, आईला ठाऊक आहे, प्रेक्षकाला ठाऊक आहे आणि मुलीलाही ठाऊक आहे. पण मुलीला ठाऊक आहे हे आईवडिलांना ठाऊक नाही. हातातली पिशवी घेऊन ती आत येते. ज्यांच्या घरी बैल नाहीत ते पोळ्याला मातीचे बैल पुजतात, हे तुम्हाला सांगायला नको. पाटावर मातीची जोडी मांडलेली आहे. वडील काहीतरी कारण सांगायला तोंड उघडतात. ती त्यांना बोलू देत नाही. पिशवीतून गोंडे काढते. ते खऱ्या बैलांच्या मापाचे आहेत, मातीच्या बैलांच्या शिंगांना बसणार नाहीत. ती ते पाटाभोवती मांडते, खुंटीवरच्या घुंगरमाळा काढून शेजारी ठेवते आणि नमस्कार करते. वडिलांना कळतं की हिला कळलं आहे. कोणी काही बोलत नाही. गोष्ट संपते.

शेवटच्या प्रसंगात कोणाला नवीन काय कळलं? फक्त एकाला, वडिलांना. आणि तेच पुरतं. पहिल्या क्रमात शेवटचा धक्का मुलीला होता, आता शेवटचं कळणं बापाचं आहे. त्यामुळे गोष्ट कोणाची आहे तेच बदललं. पहिल्या क्रमात ती गरिबीची गोष्ट होती. आता ती दोघांनी एकमेकांपासून लपवलेल्या आणि एकमेकांना कळलेल्या गोष्टीची झाली. घुंगरमाळाही वाया गेल्या नाहीत. दुसऱ्या प्रसंगात खुंटीला अडकवलेली वस्तू शेवटी खाली उतरली. अशी वस्तू आधी सहज दाखवून ठेवायची आणि गरजेच्या वेळी काढायची, याला पेरणी आणि कापणी म्हणतात. आपल्याकडे समजवायला सोपा शब्द आहे. पेरताना प्रेक्षकाला 'हे पेरलं' असं वाटता कामा नये, एवढी एकच काळजी घ्यायची. म्हणूनच माळा काढण्याला तिथे स्वतःचं कारण दिलं आहे, आवाज होऊ नये हे.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगते, नाहीतर सर म्हणतील की हिने फायद्याची बाजू तेवढी मांडली.

पहिली मर्यादा म्हणजे सगळे चांगले सिनेमे या वहीत मावत नाहीत. चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४चा 'कोर्ट' घ्या. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर खटला भरला जातो, की त्यांच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. खटला तारखांमागून तारखा चालतो. कोर्टाला सुट्टी लागते, दालनातले दिवे बंद होतात, आणि तरी सिनेमा संपत नाही. आपण न्यायाधीशांबरोबर सहलीला जातो. माझ्या खुणेप्रमाणे तो प्रसंग काढून टाकला तर पुढचं काही अडत नाही. म्हणजे सैल म्हणायचं का? नाही. तिथे 'पुढे काय'ची ओढ मुद्दाम सोडून दिली आहे. एका माणसाचं आयुष्य अडकून पडलेलं असताना बाकीच्यांचं जगणं कसं सुरळीत चालू राहतं, हेच दाखवायचं आहे. वहीत अशा ठिकाणी रकाने रिकामे राहतात. ते रिकामे का ठेवले असतील, हा प्रश्न विचारायचा. घट्ट सिनेमे आधी घ्यायचे ते यासाठी, की काय सोडलं आहे ते नंतर ओळखता यावं.

दुसरी मर्यादा वेळेची. दीड-दोन तासांचा सिनेमा असा थांबत-थांबत टिपायला मला दोन रविवार लागतात. म्हणून वर्षाला मी पाच-सहाच करते. जास्त केले की रकाने भरण्याचं काम उरतं आणि बघणं राहून जातं. तसं व्हायला लागल्याची खूणही आहे. वहीत सलग दहा-बारा प्रसंगांत 'काय घडलं' तेवढंच लिहिलेलं सापडतं आणि 'कोणाला काय कळलं' कोरं असतं. अशा वेळी मी वही मिटते आणि तो सिनेमा महिन्याभराने पुन्हा लावते.

तिसरी मर्यादा मला आपल्या कोळपणीवाल्या मित्राने दाखवली. क्रम मांडायला वही शिकवते, पण क्रमात मांडायचा माल वहीत नसतो. बैल गेले की कोळपणी अडते हे कुठल्याही सिनेमात मला सापडलं नसतं. ते ज्याच्या वावरात कोळपं चालतं त्याच्याजवळ होतं. या मेळाव्याला आलेल्या प्रत्येकाजवळ असलं काहीतरी आहे: दवाखान्यातलं, एसटीच्या डेपोतलं, दुकानातलं, शाळेच्या स्टाफरूममधलं. गुरुजनांनी तर आमच्याबद्दल काय काय ठाऊक असून आम्हाला कळू दिलं नाही, त्याच्याच दहा पटकथा होतील.

तेव्हा कोणाला करून बघायचं असेल तर आज रात्री घरी 'बनवाबनवी' लावा. सगळा बघू नका. लीलाबाईंच्या घरात चौघं पहिल्यांदा शिरतात तिथपासून अर्धा तास बघा. कागदावर पात्रांची नावं एकाखाली एक लिहा, आणि प्रत्येक प्रसंगानंतर कोणाला काय नवीन कळलं ते त्याच्या नावापुढे लिहा. हसत-हसत लिहिलं तरी चालेल. पटकथा पूर्ण झाली की ती मी आधी मागच्या रांगेतल्या त्या मित्राकडे पाठवणार आहे, आणि नंतर मराठीच्या बाईंकडे, शुद्धलेखन तपासायला.